चॅनल एकची खरखर आणि दुकानदाराला लिहिलेलं पत्र

मी नौपाड्यात राहते आणि घरच्याच एका खोलीत लहान मुलांच्या गोष्टी, शाळेचे पाठ असं वाचून रेकॉर्ड करून देते. गेल्या जूनमध्ये जुना ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारं यंत्र, बदलून नवा घेतला, दोन माइक-इनपुटचा, यूएसबीवर चालणारा. आठव्या दिवशी गोष्ट अर्ध्यावर आली असताना हेडफोनमध्ये खरखर ऐकू आली. फोडणीचं तेल तापल्यावर मोहरीचे पहिले दाणे तडतडतात ना, तशी. दोन वेळा तड, मग गप्प, मग सलग चार-पाच. मी थांबले, इंटरफेस बंद केला, चहा करून परत आले. आवाज स्वच्छ. पुन्हा वाचायला बसले आणि अर्ध्या तासाने तेच.

या लिहिण्यात मी एवढ्याच प्रकारच्या बिघाडाबद्दल सांगणार आहे. एकाच चॅनलवर येणारा, यंत्र गरम झाल्यावरच उठणारा आणि दुरुस्ती केंद्रात पाच मिनिटं तपासलं की न सापडणारा. माझा इंटरफेस एकदा सर्व्हिस सेंटरला जाऊन 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन परत आला होता. बदलून मिळाला तो दुसऱ्या खेपेला, एका पत्रामुळे. ते पत्र खाली पूर्ण दिलं आहे. पण पत्रातलं प्रत्येक वाक्य ज्या चाचणीवर उभं आहे ती आधी सांगते, कारण चाचणीशिवाय ते पत्र म्हणजे नुसती कुरकुर झाली असती.

पहिल्यांदा दुकानात फोन केला तेव्हा दुकानदार म्हणाले, "मॅडम, पावसाळा आहे, माइकला हवा लागली असेल. नाहीतर केबल बघा." दुसऱ्यांदा केला तर, "लॅपटॉपचा ड्रायव्हर नीट टाकलाय ना? आणि तुमच्या घरच्या अर्थिंगचं एकदा इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या." मला राग आला होता, पण नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की ते थापा मारत नव्हते. माइक, केबल, लॅपटॉप आणि अर्थिंग, या चारही गोष्टींनी खरंच आवाज येतो. ठाण्यात जूननंतर तर पहिला संशय माइकवरच घ्यावा.

कंडेन्सर माइकच्या आत अतिशय पातळ पडदा असतो आणि त्याच्या मागे अगदी थोड्या अंतरावर धातूची चकती. दोघांमध्ये विद्युतभार टिकून राहावा लागतो. हवेतला दमटपणा तिथे बसला की तो भार ठिकठिकाणी गळतो आणि तडतड, फसफस असा आवाज येतो, बराचसा माझ्यासारखाच. अशा वेळी माइक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर रात्रभर ठेवायचा. सकाळी आवाज गेला असेल तर इंटरफेस निर्दोष आहे आणि पुढचं काही करायची गरज नाही. मी दोन रात्री माइक डब्यात ठेवला. फरक पडला नाही. मग माइक दुसऱ्या इनपुटला जोडून पाऊण तास वाचलं, एकदाही तडतड नाही. म्हणजे आवाज माइकबरोबर हलला नाही, तो पहिल्या इनपुटलाच चिकटून राहिला. इथून पुढे मला नीट दिशा मिळाली.

दोन्ही चॅनल एकदम का रेकॉर्ड करायचे

माइकमधून येणारा सिग्नल फार दुबळा असतो. प्रीअँप तो वाढवतो, आणि गेनचं बटण पूर्ण फिरवलं की माझ्या इंटरफेसमध्ये ही वाढ 56 डेसिबल म्हणजे सहाशे पटींहून जास्त होते. त्यामुळे प्रीअँपच्या पहिल्या टप्प्यावर एखादा कपॅसिटर किंचित गळत असेल, एखाद्या आयसीत दोष असेल किंवा एखादा सोल्डरचा टाका तडकलेला असेल, तर त्यातून निघणारी बारीकशी गडबडही सहाशे पट मोठी होऊन ऐकू येते. आणि हे तिन्ही दोष तापमानाबरोबर बदलतात. गरम झाल्यावर गळती वाढते, तडकलेला टाका प्रसरणाने उघडतो. माझ्या इंटरफेसमध्ये यांतला नेमका कोणता होता ते मला कळलं नाही, कारण मी तो उघडला नाही. तुम्हीही उघडू नका. सील तुटलं की दुकानदाराला बोलायला जागा मिळते.

आता मुद्द्याची गोष्ट. दोन इनपुटच्या इंटरफेसमध्ये प्रीअँप दोन असतात, प्रत्येक इनपुटला स्वतंत्र. बाकी जवळपास सगळं सामाईक असतं. यूएसबीतून येणारा 5 व्होल्टचा पुरवठा एक, लॅपटॉप एक, ड्रायव्हर एक, घराचं अर्थिंग एक. लॅपटॉपचा चार्जर घाण करत असेल तर ती दोन्ही चॅनलवर दिसेल. ड्रायव्हर अडखळत असेल, बफर कमी पडत असेल, तर दोन्ही चॅनलवर अगदी एकाच क्षणी कट दिसेल. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये लहर मोठी करून पाहिली तर असा कट सुरीने कापल्यासारखा सरळ असतो. अर्थिंगचा आवाज तर मुळातच वेगळा. ती सलग घुमघुम असते, 50 हर्ट्झ आणि त्याच्या पटींची, तडतड नव्हे. म्हणून दोन्ही चॅनल एकाच वेळी, एकाच फाइलमध्ये, सारख्या गेनवर रेकॉर्ड केले आणि तडतड एकाच चॅनलवर आली, तर दुकानदाराच्या चारांपैकी दोन उत्तरं त्या एका फाइलनेच संपतात. राहतात माइक आणि केबल. ती दोन्ही काढूनच टाकायची.

पण नुसती काढून चालत नाही. मोकळ्या इनपुटवर प्रीअँपची सळसळ मुळातच जास्त येते, त्यावरून कोणी म्हणेल की काही जोडलेलंच नाही तर आवाज येणारच. कंपन्या स्वतः प्रीअँपचा नॉइज मोजतात तेव्हा इनपुटला माइकच्या जागी 150 ओहमचा रेझिस्टर लावतात. तेच आपण करायचं. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, उमेदीच्या काळात रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "दोन एक्सएलआर पिना आण, मेल. रेझिस्टर माझ्याकडे आहेत." खिडकीजवळ उजेडात बसून त्यांनी पिनेचं आवरण मागे सरकवलं, रेझिस्टरचे पाय कापून आखूड केले आणि आतल्या तीन टोकांपैकी एक पाय दोन नंबरच्या टोकाला, दुसरा तीन नंबरच्या टोकाला टाकला. एक नंबर जमिनीचा, तो मोकळा ठेवला. सोल्डर चकाकत बसला तसं फुंकर न घालता तसंच थंड होऊ दिलं. फुंकलं की टाका कच्चा राहतो, असं त्यांचं म्हणणं. अशा दोन पिना तयार झाल्या. त्या इनपुटमध्ये घातल्या की प्रीअँपला वाटतं समोर माइक आहे, फक्त तो माइक पूर्ण गप्प बसलाय. सोल्डरिंग येत नसेल तर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कुणीही पाच मिनिटांत करून देईल. तेही जमलं नाही तर दोन्ही इनपुटना सारखे डायनॅमिक माइक लावून खोली बंद ठेवा. पुरावा थोडा कच्चा होईल, पण होईल.

चाळीस मिनिटं

सर्व्हिस सेंटरला दोष न सापडण्याचं कारण मला आता स्वच्छ दिसत होतं. माझ्या इंटरफेसला उठायला पंचवीस-तीस मिनिटं लागत होती, आणि त्यांच्या जॉबशीटवर किती वेळ चालवून पाहिलं ते लिहिलंच नव्हतं. त्यामुळे मी चाळीस मिनिटांचं सलग रेकॉर्डिंग करायचं ठरवलं.

इंटरफेस आधी तासभर बंद ठेवला, म्हणजे तो पुरता थंड होईल. दोन्ही इनपुटमध्ये काकांच्या पिना. दोन्ही गेन पूर्ण वर. फँटम पॉवर, म्हणजे कंडेन्सर माइकला वीज पुरवणारं 48 व्होल्टचं बटण, बंद. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ, म्हणजे पहिला इनपुट डावीकडे, दुसरा उजवीकडे. चालू केल्या क्षणापासून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि टेबलाला हात लावला नाही. फाइल साधारण 690 एमबीची होते, तेवढी जागा असू द्या.

नंतर त्यातलं पहिलं मिनिट आणि पस्तिसाव्या मिनिटानंतरचं एक मिनिट वेगळं मोजलं. ऑडॅसिटीत डोळ्यांनाही दिसतं, पण आकडा हातात असला की वाद घालावा लागत नाही. ज्यांच्याकडे ffmpeg हा कमांडवर चालणारा प्रोग्रॅम आहे त्यांच्यासाठी या दोन ओळी पुरतात:

```
ffmpeg -ss 0 -t 60 -i chachni.wav -af astats -f null -
ffmpeg -ss 2100 -t 60 -i chachni.wav -af astats -f null -
```

खाली जी लांबलचक यादी येते तिच्यात प्रत्येक चॅनलच्या नावाखाली `RMS level dB` आणि `Peak level dB` असे दोन आकडे शोधायचे. पहिला म्हणजे त्या मिनिटातला सरासरी आवाज, दुसरा म्हणजे सर्वांत मोठा ठोका. आकडे उणे असतात. शून्याच्या जितके जवळ तितका आवाज मोठा.

पहिल्या मिनिटात माझे दोन्ही चॅनल जुळ्या भावांसारखे होते. सरासरी उणे 79, ठोका उणे 65. ही प्रीअँपची नेहमीची सळसळ, आणि तिच्या सरासरीत आणि मोठ्यात मोठ्या ठोक्यात बारा-पंधरा डेसिबलचं अंतर असणं अगदी स्वाभाविक आहे. पस्तिसाव्या मिनिटानंतर दुसरा चॅनल जिथल्या तिथे होता. पहिल्या चॅनलची सरासरी उणे 66 झाली आणि ठोका उणे 34. सरासरी आणि ठोका यांतलं अंतर 14 वरून 32 वर गेलं होतं. नुसती सळसळ वाढली असती तर दोन्ही आकडे बरोबरीने वर आले असते. ठोका एवढा पुढे पळाला याचाच अर्थ मध्ये मध्ये तडतड आहे. माझं साधं वाचन उणे 12 च्या आसपास असतं, त्याच्या शेजारी उणे 34 चा ठोका म्हणजे गोष्टीतल्या प्रत्येक विरामात तो कानावर आपटणार.

मग दोन गोष्टी आणखी केल्या. पिनांची अदलाबदल करून तीच चाचणी घेतली, आवाज पहिल्या चॅनलवरच राहिला, म्हणजे पिनेत दोष नाही. आणि लॅपटॉपचा चार्जर काढून, बॅटरीवर, भावाच्या लॅपटॉपवर पुन्हा घेतली. तिथेही तेच, सव्विसाव्या मिनिटाला सुरुवात. तीन फाइली, तिन्हींचं एकच म्हणणं.

तुमच्याकडे चित्र वेगळं निघालं तर हे पत्र पाठवू नका. तडतड दोन्ही चॅनलवर एकाच क्षणी असेल तर आधी बफर वाढवा, यूएसबी हब मध्ये असेल तर तो काढून थेट लॅपटॉपला जोडा, केबल बदला. आवाज फक्त गेनचं बटण फिरवतानाच येत असेल आणि हात काढला की थांबत असेल, तर ते बटणाच्या आतला संपर्क मळण्याचं लक्षण आहे. नव्या यंत्रात तोही दोषच, पण त्याचं वर्णन वेगळं करावं लागतं. आणि 48 व्होल्ट चालू केल्यावरच तडतड येत असेल, बंद केल्यावर अजिबात नाही, तर 150 ओहमची पिन लावून फँटम चालू ठेवून चाचणी घ्या. दोन आणि तीन नंबरच्या टोकांवर सारखाच दाब असल्यामुळे रेझिस्टरला काही होत नाही. तेव्हाही तडतड आली तर दोष इंटरफेसमध्येच, बहुधा तो दाब अडवणाऱ्या कपॅसिटरमध्ये. नाही आली तर माइकमध्ये किंवा केबलमध्ये.

पत्र

पत्र मी मराठीत लिहिलं, कारण दुकान ठाण्यातलं, दुकानदार मराठी, आणि माझं म्हणणं मला मराठीतच नेमकं मांडता येतं. कंपनीच्या आयातदाराला प्रत पाठवताना सोबत इंग्रजीत चार ओळी जोडल्या. आयातदाराचा पत्ता खोक्यावर छापलेला असतो, तो छापणं बंधनकारकच आहे.

> दि. 8 जुलै 2025
>
> प्रति,
> व्यवस्थापक,
> (दुकानाचं नाव व पत्ता)
>
> विषय : सदोष ऑडिओ इंटरफेस बदलून मिळण्याबाबत
> संदर्भ : 1) आपलं बिल क्र. ______, दि. 14 जून 2025
> 2) सर्व्हिस सेंटरची जॉबशीट क्र. ______, दि. 25 जून 2025
> यंत्राचा अनुक्रमांक : ______
>
> महोदय,
>
> संदर्भ 1 च्या बिलानुसार मी आपल्याकडून वरील अनुक्रमांकाचा ऑडिओ इंटरफेस विकत घेतला. 22 जूनपासून, म्हणजे खरेदीच्या आठव्या दिवसापासून, त्याच्या इनपुट क्र. 1 च्या प्रीअँपमधून खरखर व तडतड येत आहे. यंत्र चालू केल्यापासून साधारण 25 ते 30 मिनिटांनी हा आवाज सुरू होतो. यंत्र बंद करून थंड होऊ दिलं की थांबतो आणि पुन्हा तितक्याच वेळाने परत येतो. इनपुट क्र. 2 वर तो कधीही आलेला नाही.
>
> आपल्या सूचनेप्रमाणे मी यंत्र 25 जून रोजी सर्व्हिस सेंटरला दिलं. 4 जुलै रोजी ते 'दोष आढळला नाही' या शेऱ्यासह परत मिळालं. यंत्र किती वेळ चालवून तपासलं याची नोंद जॉबशीटवर नाही. परत आल्यानंतर 5 व 6 जुलै रोजी तोच दोष पुन्हा दिसला.
>
> माइक, केबल, लॅपटॉप व घरचं अर्थिंग यांमुळे असा आवाज येऊ शकतो, असं आपण फोनवर सांगितलं होतं. ते लक्षात घेऊन मी पुढीलप्रमाणे तपासणी केली. माइक व केबल पूर्णपणे काढून दोन्ही इनपुटना 150 ओहमचे रेझिस्टर जोडले. दोन्ही गेन पूर्ण ठेवून, फँटम पॉवर बंद ठेवून, दोन्ही चॅनलचं एकाच वेळी 40 मिनिटं सलग रेकॉर्डिंग केलं. पहिल्या मिनिटात दोन्ही चॅनलचा सर्वोच्च ठोका उणे 65 डेसिबल होता. 35 मिनिटांनंतर चॅनल 2 चा तेवढाच राहिला, चॅनल 1 चा उणे 34 डेसिबल झाला. रेझिस्टरची अदलाबदल करून आणि दुसऱ्या लॅपटॉपवर, चार्जर काढून, हीच तपासणी पुन्हा केली. निष्कर्ष बदलला नाही. लॅपटॉप, वीजपुरवठा व अर्थिंग दोन्ही चॅनलना सामाईक असल्याने एकाच चॅनलवर येणारा हा आवाज त्या चॅनलच्या प्रीअँपमधला दोष आहे.
>
> तिन्ही रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर सोबत जोडली आहेत. आपल्याला खात्री करून घ्यायची असल्यास मी यंत्र व दोन्ही रेझिस्टरच्या पिना घेऊन आपल्या दुकानात यायला तयार आहे. आपल्याच लॅपटॉपवर, आपल्यासमोर, यंत्र 40 मिनिटं चालवून पाहावं. कृपया त्याहून कमी वेळात निष्कर्ष काढू नये.
>
> यंत्र एकदा सर्व्हिस सेंटरला जाऊन दोषासह परत आलं असल्याने पुन्हा दुरुस्तीला देणं मला मान्य नाही. माझी विनंती अशी :
>
> याच मॉडेलचं नवं, सीलबंद यंत्र मला बदलून द्यावं आणि त्याचा अनुक्रमांक व बदलीची तारीख बिलावर नोंदवून द्यावी. ते उपलब्ध नसल्यास बिलाची पूर्ण रक्कम परत करावी.
>
> हे पत्र मी खरेदीपासून 30 दिवसांच्या आत देत आहे. सदोष वस्तू परत घेऊन रक्कम परत करण्यास नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते, याची आपणास कल्पना असेलच. आपण आजवर सौजन्याने उत्तरं दिली आहेत आणि हा विषय आपल्या दुकानातच मिटावा अशी माझी इच्छा आहे. कृपया हे पत्र मिळाल्यापासून 10 दिवसांत लेखी कळवावं.
>
> आपली विश्वासू,
> (नाव, पत्ता, फोन)
>
> सोबत : बिलाची प्रत, जॉबशीटची प्रत, तीन रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह, यंत्राच्या अनुक्रमांकाचा फोटो
> प्रत : आयातदार कंपनी, खोक्यावरील पत्त्यावर

या पत्रातल्या तीन जागा मी मुद्दाम तशा लिहिल्या आहेत.

पहिली म्हणजे '40 मिनिटांपेक्षा कमी वेळात निष्कर्ष काढू नये.' अख्ख्या पत्रातलं हे सर्वांत उपयोगी वाक्य. ते नसतं तर यंत्र पुन्हा सर्व्हिसला गेलं असतं, पुन्हा पाच मिनिटं चाललं असतं आणि माझ्या हातात दोन जॉबशीट आल्या असत्या, दोन्ही माझ्या विरोधात. तुमचा दोष दहा मिनिटांत उठत असेल तर दहा लिहा, पण वेळ लिहाच.

दुसरी म्हणजे तीस दिवसांचा उल्लेख. 2019 च्या कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देण्याबद्दल असं म्हटलं आहे की बिलावर मुदत लिहिलेली असेल तर ती, नसेल तर तीस दिवस. म्हणून पहिल्यांदा तडतड ऐकू आली त्या दिवसापासून तारखा वहीत लिहून ठेवा आणि सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्यांत हे दिवस निघून जाऊ देऊ नका. माझे नऊ दिवस तिथे गेले होते. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं बिलावर छापलं आहे म्हणून गप्प बसू नका, सदोष मालाला ते लागू होत नाही. तीस दिवस उलटून गेले तरी वॉरंटी संपत नाही आणि ग्राहक आयोगाकडे जाण्याचा हक्कही संपत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. आयोग दोष काढून द्यायला, वस्तू बदलून द्यायला किंवा पैसे परत द्यायला सांगू शकतो. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, बऱ्याच दुकानदारांना तेवढ्यानेच जाग येते. पण हे सगळं मी पत्रात कोंबलं नाही. पहिल्याच पत्रात आयोगाची धमकी दिली की समोरचा माणूस यंत्र बघायचं सोडून स्वतःचा बचाव करायला लागतो. एक वाक्य पुरतं.

तिसरी जागा, नव्या यंत्राचा अनुक्रमांक बिलावर नोंदवून घेण्याची. हे राहून गेलं तर सहा महिन्यांनी वॉरंटीत गेल्यावर बिल एका यंत्राचं आणि हातात दुसरंच, अशी पंचाईत होते.

पत्र मी स्वतः नेऊन दिलं आणि माझ्या प्रतीवर दुकानाचा शिक्का, सही, तारीख घेतली. शिवाय त्याच दिवशी ईमेल केलं, आणि आयातदाराची प्रत स्पीड पोस्टाने पाठवून पोच ठेवली. काउंटरवर शिक्का द्यायला कुरकुर केली तर स्पीड पोस्टाने पाठवा, पण 'ठेवून जा, शेठ आले की देतो' यावर विसंबू नका.

दोन दिवसांनी दुकानातून फोन आला, "मॅडम, घेऊन या, बघूया." दुपारी गेले. त्यांनीच लॅपटॉप दिला, मी पिना लावल्या, घड्याळात वेळ बघितली. पहिली वीस मिनिटं दुकानातला मुलगा हेडफोन लावून माझ्याकडे बघत होता, काहीच नाही म्हणून. बाहेर पाऊस लागला होता, एक गिऱ्हाईक की-बोर्ड वाजवून बघत होतं. सत्ताविसाव्या मिनिटाला त्याने मान वर केली आणि हेडफोनचा एक कान दुकानदारांच्या हातात दिला. त्यांनी ऐकलं, दुसऱ्या चॅनलचा गेन वर-खाली करून पाहिला, पहिल्याचा कमी करून पाहिला. मग म्हणाले, "ही माइकची नाही. कंपनीला तुमच्या फाइली पाठवतो."

नवा नग 19 जुलैला आला. सील माझ्यासमोर फोडलं, अनुक्रमांक बिलावर लिहून घेतला. घरी आणून त्याच पिना लावल्या आणि या वेळी तासभर रेकॉर्डिंग ठेवलं. शेवटच्या मिनिटाला पहिला चॅनल उणे 79, दुसरा चॅनल उणे 79. त्या रात्री जूनपासून अडलेली गोष्ट वाचून संपवली. काकांच्या पिना माइकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांशेजारी ठेवल्या आहेत.